वीजबिल अचानक डबल का आलं? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी बिल स्वतः तपासायची पद्धत

मे-जूनचं बिल हातात आलं की सोसायटीच्या ग्रुपवर तेच सुरू होतं, कुणी म्हणतो मीटर फास्ट पळतोय, कुणी म्हणतो दर वाढवले गुपचूप, कुणी म्हणतो एसी तर आम्ही रात्रीच लावतो मग एवढं कसं. आणि खरं सांगायचं तर यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं असतं, पण तुमच्या बिलात नेमकं कुठलं लागू आहे हे बिल उलटून बघितल्याशिवाय कळत नाही. बहुतेक जण फक्त खालचा भरायचा आकडा बघतात आणि तिथेच डोकं फिरतं.

आधी एक गोष्ट. ठाणे आणि नवी मुंबईत बहुतेक भागात वीज महावितरणची आहे, कळवा-मुंब्रा-शीळ पट्ट्यात वितरणाचं काम फ्रँचायझीकडे दिलंय पण दर तेच लागतात, कारण दर ठरवतं राज्य वीज नियामक आयोग. त्यामुळे दादर किंवा बोरिवलीला राहणाऱ्या मेव्हण्याच्या बिलाशी तुमचं बिल लावून बघू नका, त्याची कंपनी वेगळी, दर वेगळे, स्लॅबचा हिशोब वेगळा. उगाच जेवणाच्या टेबलावर वाद होतात.

आता बिल हातात घ्या आणि पैशाकडे न बघता आधी युनिटकडे बघा. बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट, समायोजित युनिट आणि एकूण असे रकाने असतात. घरगुती मीटरला गुणक अवयव 1 असतो, म्हणजे चालू वजा मागील केलं की युनिट आले. मग बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा जो छोटा तक्ता किंवा ग्राफ असतो त्यात मागच्या वर्षीचा हाच महिना शोधा. मागच्या महिन्याशी तुलना करून काही उपयोग नाही, फेब्रुवारीत पंखासुद्धा हळू असतो आणि मेमध्ये एसी सकाळपर्यंत चालतो. मागच्या मेला 310 युनिट आणि यंदा 330, तर वापर जवळपास तेवढाच आहे आणि फरक दरात किंवा इंधन आकारात, म्हणजे कोळसा-वीज महागली की युनिटमागे नंतर लावतात त्या आकारात आहे. मागच्या मेला 310 आणि यंदा 610 असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे रीडिंगची भानगड असायची शक्यता जास्त.

एवढं एक बघितलं की अर्धं काम झालं. पुढचं सगळं याच दोन रस्त्यांचं आहे, पैसे वाढले की युनिट वाढले.

स्लॅब: सगळ्यात जास्त गैरसमज इथेच

लोकांना वाटतं की 300 च्या वर एक युनिट गेला की सगळेच्या सगळे युनिट महाग दराने लागतात. असं नाहीये. घरगुती दरात चार टप्पे आहेत, पहिले 100 युनिट, मग 101 ते 300, मग 301 ते 500, आणि 500 च्या वर. प्रत्येक टप्प्यातले युनिट त्या टप्प्याच्या दरानेच लागतात, म्हणजे तुमचे पहिले 100 कायम स्वस्तच राहतात, तुम्ही 600 वापरले तरी. त्यामुळे 299 वर थांबवायला शेवटच्या दिवशी फ्रीज बंद करणारे लोक आहेत ना, त्यांचे फार तर पंधरा-वीस रुपये वाचतात आणि दूध नासतं.

पण मग बिल डबल का होतं? कारण वाढलेले युनिट सगळे वरच्याच टप्प्यात पडतात. हिशोबाला मी 2024-25 चे दर घेतोय, तेव्हा वीज आकार पहिल्या 100 ला 4.71 रुपये, पुढे 300 पर्यंत 10.29, 500 पर्यंत 14.55 आणि त्यावर 16.64 होता, आणि प्रत्येक युनिटवर वहन आकार 1.17. वहन आकार म्हणजे वीज तारांवरून तुमच्या घरापर्यंत आणायचं भाडं. दोन्ही मिळवले तर एका युनिटचे 5.88, 11.46, 15.72 आणि 17.81 होतात. दर बदलत असतात, तुमच्या बिलावर किंवा महावितरणच्या साइटवर चालू दर असतात, ते घालून हाच हिशोब करा, पद्धत तीच राहते.

आता हिवाळ्यात 180 युनिट वापरणारं घर घ्या. 100 गुणिले 5.88 म्हणजे 588, वरचे 80 गुणिले 11.46 म्हणजे 916.80, झाले 1504.80. त्यात स्थिर आकार, म्हणजे कनेक्शनसाठी दरमहा लागणारा ठरलेला आकार, साधारण 130 धरा, 1634.80. यावर 16 टक्के वीज शुल्क, हे राज्य सरकारचं असतं, आणि ते फक्त विजेवर नाही तर स्थिर आकार, वहन आकार, इंधन आकार सगळ्यावर लागतं. एकूण जवळपास 1896 रुपये.

तेच घर मेमध्ये 330 युनिटवर गेलं. 588, मग 200 गुणिले 11.46 म्हणजे 2292, मग 30 गुणिले 15.72 म्हणजे 471.60, बेरीज 3351.60, स्थिर आकार धरून 3481.60, शुल्क धरून जवळपास 4039. युनिट दुप्पटही झाले नाहीत, 180 चे 330 झाले, आणि बिल मात्र दुपटीच्या वर गेलं. यात कुणी काही गडबड केलेली नाही, स्लॅबची रचनाच अशी आहे.

यातून एक कामाची गोष्ट निघते जी कुणी सांगत नाही. एसीचा खर्च काढताना सरासरी दर धरू नका. एसी तुमच्या वापराच्या वर बसतो, म्हणजे त्याचे युनिट सगळे महागड्या टप्प्यातले. 101 ते 300 मधला युनिट शुल्कासकट सव्वातेरा रुपयांच्या वर पडतो, 300 च्या वरचा सव्वाअठराच्या आसपास, 500 च्या वरचा वीस रुपयांच्या पुढे. एसी तासाला साधारण एक युनिट खात असेल आणि रात्री सहा तास चालत असेल तर महिन्याला 180 युनिट, आणि ते 180 तुम्हाला पहिल्या 100 च्या भावात कधीच मिळत नाहीत. कंपनीचा सेल्समन जे "दिवसाला फक्त चाळीस रुपये" वगैरे सांगतो तो खालच्या दराने हिशोब करत असतो.

दिवस मोजा

हे छोटं आहे पण चुकवू नका. रीडिंग बरोब्बर तीस दिवसांनीच होतं असं नाही, कधी 27 दिवसांनी कधी 36 दिवसांनी. दोन रीडिंगच्या तारखा बिलावर असतात, वजाबाकी करा. 36 दिवसांत 330 युनिट म्हणजे 30 दिवसांचे 275 च होतात, तुमचा वापर मुळात वाढलाच नाहीये. आणि जास्त दिवस असतील तर स्लॅबही त्या प्रमाणात ताणायला पाहिजे, म्हणजे 36 दिवसांना पहिला टप्पा 100 चा नाही तर 120 चा. बिलात टप्प्यावार युनिट दिलेले असतील तर पहिल्या टप्प्यात किती युनिट बसवलेत ते बघून घ्या. आणि पुढचं बिल कमी दिवसांचं येईल तेव्हा ते लहान असेल, त्यामुळे दोन महिने मिळून बघितले की खरं चित्र कळतं.

स्थिर आकार आणि इंधन आकार: तुम्ही काही न करता वाढणारे

स्थिर आकार वापरावर नसतो, कनेक्शनवर असतो. गावाला जाऊन घर महिनाभर बंद ठेवलं तरी तो येणारच, आणि त्यावर 16 टक्के शुल्कही येणार. बहुतेक फ्लॅटना सिंगल फेज असतं, पण ज्यांनी दोन-तीन एसी लावायला थ्री फेज करून घेतलंय त्यांचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीच्या आसपास जातो. घर विकत घेताना आधीच्या मालकाचं थ्री फेज तसंच ट्रान्सफर झालं असेल आणि तुमच्या घरात एकच एसी असेल तर हे तपासून बघा, बिलावर फेज लिहिलेलं असतं. दरवाढीचा आदेश लागू झाला की हा आकडा बदलतो, त्यामुळे जुनं बिल शेजारी ठेवून फक्त ही एक ओळ जुळवायची.

इंधन समायोजन आकार हा जरा वेगळा प्राणी आहे. आयोग दर ठरवतो तेव्हा कोळसा, वीज खरेदी यांचा अंदाज धरून ठरवतो. प्रत्यक्षात कोळसा महागला किंवा बाजारातून महाग वीज घ्यावी लागली तर तो फरक नंतरच्या बिलात युनिटमागे लावतात. नंतरच्या हा शब्द महत्त्वाचा, कारण खर्च झाला एका महिन्यात आणि तुम्ही भरता काही महिन्यांनी. 2022 च्या उन्हाळ्यात देशभर कोळशाची टंचाई होती, वीज बाजारात भाव इतके चढले की केंद्रीय नियामक आयोगाला युनिटमागे 12 रुपयांची मर्यादा घालावी लागली, आणि त्या मार्च ते मे महिन्यांतल्या जादा खर्चाची वसुली महावितरणच्या ग्राहकांकडून जुलैपासून पुढच्या बिलांत झाली. लोक म्हणाले पावसाळ्यात एसी बंद आहे तरी बिल का कमी होत नाही, त्याचं एक कारण हे होतं.

हा आकारही टप्प्यावार असतो. तेव्हा पहिल्या 100 ला 65 पैसे, 101 ते 300 ला 1.45 रुपये, 301 ते 500 ला 2.05 आणि त्यावर 2.35 रुपये युनिट लागला होता. आपल्या 330 युनिटच्या घराला लावून बघा: 65 रुपये, अधिक 290, अधिक 61.50, म्हणजे 416.50, आणि शुल्क धरून 483. वापरात एका युनिटचाही फरक नसताना जवळपास पाचशे रुपये वाढले. हा आकार दर महिन्याला बदलू शकतो, कधी शून्य असतो, खर्च अंदाजापेक्षा कमी आला तर वजासुद्धा होऊ शकतो. त्यामुळे युनिट तेवढेच आणि बिल वाढलं असेल तर पहिली ही ओळ बघा. यात तक्रार करून काही होत नाही, दर बरोबर लावलाय की नाही एवढंच तपासता येतं, त्याचं परिपत्रक साइटवर असतं.

आता मुख्य भानगड: अंदाजे रीडिंग

वरचं सगळं समजूनही बिल पटत नसेल, युनिटच दुप्पट-तिप्पट दिसत असतील, तर बहुतेक वेळा मधल्या एक-दोन महिन्यांत रीडिंग झालेलंच नसतं. आपल्याकडे हे का होतं ते सगळ्यांना माहितीये. मीटर रूमला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी ऑफिसला. किंवा वाशी-कोपरखैरण्याच्या जुन्या बैठ्या घरांत मीटर ग्रिलच्या आत. किंवा जिन्याखाली सायकली आणि जुना सोफा टाकून मीटरपर्यंत जायची वाटच बंद. रीडिंग घेणारा येतो, बेल वाजवतो, निघून जातो. त्या महिन्याच्या बिलावर चालू रीडिंगच्या जागी आकडा नसतो, लॉक्ड किंवा आरएनए, म्हणजे रीडिंग मिळालं नाही, असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि युनिट मागच्या सरासरीने टाकलेले असतात. बिलावर मीटरचा फोटो असतो तोही त्या महिन्यात नसतो किंवा बंद दरवाजाचा असतो.

असं बिल कमी आलं म्हणून लोक खूष होऊन भरून टाकतात. इथेच पुढच्या झटक्याची तयारी होते, कारण वीज तर वापरली गेलीये, मीटर पुढे गेलाय, फक्त कुणी बघितलं नाही. ज्या महिन्यात बघतील त्या महिन्यात सगळा फरक एकदम येणार. आणि सरासरी हिवाळ्याची आणि वापर उन्हाळ्याचा असं झालं तर फरक मोठा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये नेमकं हेच सगळ्या राज्याचं झालं, रीडिंग बंद, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सरासरीने बिलं, आणि जूनमध्ये रीडिंग झाल्यावर तीन महिन्यांचं एकत्र बिल, लोकांना घाम फुटला होता.

एक केस पूर्ण करून बघू, आकडे मी समजायला घेतलेत. कोपरखैरण्यातलं एक घर, फेब्रुवारीअखेर खरं रीडिंग 12340. मार्च आणि एप्रिलमध्ये मीटरपर्यंत जाता आलं नाही, दोन्ही महिने 160-160 युनिटचं सरासरी बिल, ते भरलं. मेअखेर खरं रीडिंग झालं 13270. म्हणजे तीन महिन्यांत 930 युनिट, त्यातले 320 चे पैसे आधीच भरलेत, उरले 610. आता बिल कसं बनायला पाहिजे यावर सगळं आहे.

चुकीची पद्धत अशी की उरलेले 610 युनिट एकट्या मेमध्ये टाकायचे. मग पहिले 100 चे 588, पुढचे 200 चे 2292, पुढचे 200 चे 3144, आणि 500 च्या वरचे 110 युनिट 17.81 ने 1959.10. बेरीज 7983.10.

बरोबर पद्धत अशी की 930 युनिट तीन महिन्यांवर पसरवायचे, प्रत्येक स्लॅब तीनपट करून. पहिला टप्पा 300 युनिटचा होतो, 300 गुणिले 5.88 म्हणजे 1764. दुसरा टप्पा 600 युनिटचा, 6876. उरले 30, ते 15.72 ने 471.60. एकूण 9111.60. यातून मार्च-एप्रिलचे आधी लावलेले वजा करायचे, एका महिन्याचे 160 युनिटचे 1275.60, दोन महिन्यांचे 2551.20. राहिले 6560.40.

दोन्हीतला फरक 1422.70, आणि शुल्क धरून साडेसोळाशे रुपये. मेचा स्थिर आकार 130 आणि 16 टक्के शुल्क मिळवून बरोबर बिल साधारण 7761 येतं, इंधन आकार असेल तर तो वेगळा. स्थिर आकार फक्त एका महिन्याचा, कारण मार्च-एप्रिलचा आधीच भरलाय, बिलात तीन महिन्यांचा दिसला आणि आधीची वजावट दिसली नाही तर तीही चूक. आकडा मोठाच आहे, पण तो पहिल्यांदा बघून वाटतं तेवढा अन्याय नाहीये.

उलट एक गंमत बघा. समजा या घराने खरंच मार्चला 230, एप्रिलला 300 आणि मेला 400 युनिट वापरले, बेरीज तीच 930, आणि दर महिन्याला वेळेवर रीडिंग झालं असतं, तर 2077.80 अधिक 2880 अधिक 4452 म्हणजे 9409.80 झाले असते. म्हणजे पसरवल्यामुळे या घराचे जवळपास तीनशे रुपये वाचलेत, कारण मेच्या महाग टप्प्यातल्या 100 पैकी 70 युनिट मार्चच्या स्वस्त जागेत जाऊन बसले. म्हणून ऑफिसात जाऊन "आम्हाला महिन्यावार खरा वापर लावून द्या" असं मागू नका, "स्लॅब महिन्यांच्या प्रमाणात दिलाय का ते दाखवा" असं विचारा.

तुमच्या बिलात काय केलंय ते ओळखायचं कसं? बिलावर किती महिन्यांचं बिल धरलंय ते बघा आणि पहिल्या टप्प्यातले युनिट बघा. तीन महिन्यांचा हिशोब असून पहिल्या टप्प्यात 100 च युनिट असतील तर स्लॅबचा फायदा मिळालेला नाही. दुसरं, आधी भरलेल्या सरासरी बिलांची वजावट कुठे दिसते का ते बघा, ती वजा रक्कम म्हणून येते. आणि जुनी बिलं हाताशी ठेवा, मोबाइल ॲपवर किंवा साइटवर मागची बिलं डाउनलोड होतात.

मीटर स्वतः वाचायचा

काहीही तक्रार करायच्या आधी मीटरसमोर जाऊन उभं राहा. डिजिटल मीटरवर आकडे आलटून पालटून येतात, तारीख, वेळ, व्होल्टेज, मग कधीतरी kWh लिहिलेला आकडा, आपल्याला तोच हवा. kW लिहिलेला वेगळा असतो, लोक तो वाचून गोंधळतात. दशांशानंतरचे आकडे सोडा. फोटो काढा, ज्यात मीटर नंबर आणि आकडा दोन्ही दिसतील. तुमचा आजचा आकडा बिलावरच्या चालू रीडिंगपेक्षा कमी असेल तर बिलच चुकलंय, पुढे काही सिद्ध करायची गरज नाही, हा फोटो पुरे. आजचा आकडा जास्त असेल तर बिलाच्या तारखेपासून किती दिवस झाले त्यावरून रोजचे किती युनिट पडतात ते काढा आणि बिलाशी जुळवा.

मीटर नंबर बिलाशी जुळतो का ते नक्की बघा. तीस-चाळीस मीटर एका खोलीत असतात, रिवायरिंग झालं किंवा मीटर बदलले की 302 ची वायर 303 च्या मीटरला लागलेली असते आणि वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. तपासणं सोपं आहे: घरातला मेन स्विच बंद करायला घरच्यांना सांगा आणि तुम्ही मीटर रूममध्ये उभे राहा. तुमच्या मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही आणि शेजारच्याचा थांबला, तर कळलं. मेन बंद असूनही तुमचाच दिवा चालू राहिला तर मीटर आणि तुमच्या मेनच्या मध्ये कुठेतरी कुणीतरी वायर जोडलीये किंवा लीकेज आहे, मग इलेक्ट्रिशियन बोलवा, स्वतः मीटर रूममध्ये हात घालू नका.

मीटर फास्ट आहे का याचा घरगुती अंदाज पण घेता येतो. मीटरवर 3200 imp/kWh किंवा 1600 imp/kWh असं छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करा, फ्रीज आणि वायफायसुद्धा, आणि फक्त 1000 वॉटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत लावा. 3200 च्या मीटरवर मिनिटाला 53 च्या आसपास लुकलुक व्हायला पाहिजे, 1600 च्या वर 27. मोजायला जमत नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून नंतर मोजा. थोडा फरक येणारच, व्होल्टेज कमी-जास्त असतं आणि रॉडवर लिहिलेले वॉट नेमके नसतात, पण 53 च्या जागी 80 आले तर मीटर तपासायला द्यायला कारण आहे. इस्त्रीने हा प्रयोग करू नका, ती मधेमधे स्वतः बंद होते आणि आकडा फसवा येतो. बहुतेक वेळा मीटर बरोबर निघतो हे आधीच सांगून ठेवतो.

तक्रार करायची तर अशी

आधी 1912 वर किंवा ॲपवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पण रीडिंगच्या वादात फोनवर भागत नाही, तुमच्या उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि आपल्या कॉपीवर पोच शिक्का घ्या. अर्जात रागाचं काही लिहायची गरज नाही, चार ओळी पुरतात: ग्राहक क्रमांक आणि मीटर क्रमांक, शेवटचं खरं रीडिंग कधी आणि किती, मधले कुठले महिने सरासरीने लावले आणि किती भरले, आजच्या फोटोतलं रीडिंग. मग मागणी, स्लॅबचा फायदा महिन्यांच्या प्रमाणात देऊन बिल दुरुस्त करावं. वरच्यासारखा तुमचा हिशोब कागदावर करून जोडा, समोरचा क्लार्क त्यावर बोट ठेवून बोलतो, नुसतं "बिल जास्त आलंय" म्हटलं की "वापर जास्त आहे" एवढंच उत्तर मिळतं.

मीटरवरच संशय असेल तर मीटर टेस्टिंगचा अर्ज वेगळा द्या, आधी जागेवर येऊन यंत्राने तपासतात, पटलं नाही तर फी भरून लॅबमध्ये. मीटर बंदच पडला असेल तर नियम असा आहे की बंद काळाचं बिल आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीने, आणि तेही जास्तीत जास्त तीन महिन्यांचं लावता येतं, त्यामुळे सहा-आठ महिन्यांची वसुली दाखवली तर तिथेच हरकत घ्या.

वाद चालू असताना बिल भरायचं की नाही, हा सगळ्यांचा प्रश्न. अजिबात न भरणं हा मार्ग नाही, लाइन तुटली की भांडणात तुमची बाजू कमजोर होते. वीज कायदा 2003 च्या कलम 56 मध्ये सोय आहे, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. अर्जात स्पष्ट लिहा की ही रक्कम हरकत राखून भरतोय, आणि ऑनलाइन अर्धवट रक्कम भरायच्या आधी ऑफिसमधून ती लिहून घ्या. तसंही थकबाकीसाठी वीज तोडायला पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, दारात आलेला माणूस "आत्ता तोडतो" म्हणाला तर नोटीस मागा. आणि मोबाइलवर "आज रात्री साडेनऊला वीज कापणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा आहे, त्याचा आणि तुमच्या बिलाचा काही संबंध नाही.

उपविभागात काही झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आपल्या भागासाठी भांडुप परिमंडळाचा, आणि तिथलं पटलं नाही तर मुंबईला विद्युत लोकपाल. दोन्हीकडे वकील लागत नाही.

एक वेगळं बिल एप्रिल-मेच्या सुमारास येतं, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं. ते वीजबिल नाही. तुमचा वर्षाचा सरासरी वापर वाढला की ठेव वाढवून मागतात, त्यावर व्याज मिळतं आणि कनेक्शन बंद केलं की परत मिळते. ही मागणी नेहमीच्या बिलासोबत आली की दोन्ही मिळून आकडा बघून लोक घाबरतात, वेगवेगळे करून बघा.

राहिलं पुढच्या महिन्याचं. मीटर रूमची एक किल्ली वॉचमनकडे ठेवायला कमिटीला सांगा, निम्म्या सोसायट्यांचा प्रश्न एवढ्यानेच सुटतो. आणि रीडिंग होणार नसेल तर महावितरणच्या ॲपवरून मीटरच्या फोटोसकट आपलं रीडिंग स्वतः पाठवता येतं, रीडिंगच्या तारखेच्या आसपासच त्याची मुदत असते आणि मोबाइल नंबर रजिस्टर असेल तर तसा मेसेज येतो. गावाला जाणार असाल तर तिथून नाही करता येत, मीटरसमोरच उभं राहून फोटो काढावा लागतो, म्हणून एखाद्या शेजाऱ्याला सांगून ठेवा. स्मार्ट मीटर बसलेल्या घरांना हे सगळं लागत नाही, रीडिंग आपोआप जातं, पण बसवताना जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं सुरुवातीचं रीडिंग यांचा फोटो काढून ठेवा, कारण त्या पहिल्या बिलात दोन्ही मीटरचे युनिट मिळून येतात आणि जुन्याचं शेवटचं रीडिंग चुकीचं लिहिलं गेलं तर जुना मीटर निघून गेल्यावर तुमच्याकडे दाखवायला दुसरं काही नसतं.